खड्डा, पेटी आणि पाय ठेवायची जागा : कोडे-खेळाच्या तीन पातळ्यांच्या नोंदी

३ मे

काम छोटे ठेवले आहे. नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयात उन्हाळ्याच्या सुट्टीत संध्याकाळी मुले जमतात, त्यांच्यासाठी पेट्या ढकलायचा कोडे-खेळ तयार करायचा. नियम एकच, पातळ्या तीन. पहिलीत नियम कळावा, दुसरीत पक्का व्हावा आणि तिसरीत त्याच नियमाने खेळणाऱ्याला तोंडघशी पाडावे. नवा नियम मात्र कुठेही आणायचा नाही.

पेटी ढकलता येते, ओढता येत नाही, ही कल्पना जुनीच. हिरोयुकी इमाबायाशी यांचा सोकोबान हा खेळ १९८२ मध्ये बाजारात आला, तेव्हापासून ती चालू आहे. आमचा एकमेव नियम असा: पेटी खड्ड्यात पडली की खड्डा बुजतो, पेटी संपते आणि तिथे साधी जमीन होते. खेळाडू उघड्या खड्ड्यावर पाय ठेवू शकत नाही. दारापर्यंत पोचला की पातळी सुटली.

खेळ पझलस्क्रिप्टमध्ये लिहायचे ठरले. स्टीफन लाव्हेल यांनी २०१३ मध्ये काढलेले हे साधन फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालते आणि पातळीचा नकाशा थेट अक्षरांत टाइप करता येतो. जुन्या लॅपटॉपवरही अडत नाही.

४ मे

वीज नव्हती म्हणून कागदावर सुरुवात. बर्डीच्या बाजारातून जाड पुठ्ठा आणला, ४० रुपये. ३ सेंटिमीटरची घरे आखली, आडवी ९ आणि उभी ५. पेट्यांना बाटल्यांची झाकणे, खड्ड्यांना काळ्या कागदाचे चौकोन. झाकण काळ्या चौकोनावर आले की दोन्ही उचलायचे.

पुठ्ठ्यावर एक घोळ होतो, तो आधीच सांगून ठेवतो. बोटे नियम पाळत नाहीत. झाकण अडकले की माणूस नकळत ते मागे ओढतो आणि पातळी सुटल्याचा आनंद मानतो. त्यामुळे खेळणाऱ्याने फक्त ‘डावीकडे’, ‘वर’ एवढेच बोलायचे आणि झाकण दुसऱ्याने सरकवायचे, असे केले. तरीही कागद पहिल्या दिवसापुरताच कामाचा. पातळी सुटते की नाही हे कळते, पण खेळणारा कुठे थबकतो ते कळत नाही, कारण त्याचे लक्ष सरकवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे असते.

६ मे

नियम टाइप केले आणि दोन संध्याकाळी वाया गेल्या. पेटी खड्ड्यावर जाऊन बसायची, खड्डा बुजायचा नाही. त्याच दिशेने पुढे जायला बाण दाबला तर काहीच हलायचे नाही. खेळाडू एक पाऊल मागे आला की मात्र खड्डा आपोआप बुजायचा. नकाशात चूक असेल म्हणून नकाशाच तपासत बसलो. चूक एका शब्दाची होती, तिसऱ्या ओळीत `late` लिहायचा राहिला होता. दुरुस्त नियम असे, त्यांत `Player` म्हणजे खेळाडू, `Crate` म्हणजे पेटी आणि `Pit` म्हणजे खड्डा:

```
[ > Player | Crate ] -> [ > Player | > Crate ]
[ > Player | Pit ] -> cancel
late [ Crate Pit ] -> [ Filled ]
```

पझलस्क्रिप्टमध्ये साधे नियम हालचाल होण्याआधी तपासले जातात, `late` असलेले हालचाल झाल्यावर. `late` नसल्यामुळे पेटी खड्ड्यावर पोचल्याची दखल पुढच्या चालीत घेतली जायची. त्या चालीत खेळाडू पुढे जाऊ लागला की समोर अजून खड्डा आहे असे दुसऱ्या ओळीला दिसायचे आणि `cancel` अख्खी चालच रद्द करायचे. त्यामुळे तिसऱ्या ओळीपर्यंत पाळी येतच नव्हती. मागे सरकल्यावर `cancel` लागू होत नाही, म्हणून तेव्हा खड्डा बुजायचा.

आणखी एक पथ्य: `Crate` आणि `Pit` वेगवेगळ्या थरांत हवेत. एका थरातल्या दोन वस्तू एका घरात येऊ शकत नाहीत. थर असे लावले:

```
Background
Exit, Pit, Filled
Player, Wall, Crate
```

`Filled` म्हणजे बुजलेला खड्डा, जमिनीपेक्षा किंचित फिकट. आधी तो नव्हता, बुजलेली जागा साध्या जमिनीत मिसळून जायची. तिसऱ्या पातळीत खड्डा नेमका कुठे होता हे आठवणे महत्त्वाचे ठरणार होते, म्हणून खूण ठेवली.

८ मे

पहिली पातळी, पहिला प्रयत्न. नकाशात `#` भिंत, `P` खेळाडू, `*` पेटी, `O` खड्डा, `E` दार आणि टिंब म्हणजे मोकळी जमीन.

```
#########
#.P.*.OE#
#########
```

शिकवायला यापेक्षा सोपे काही सुचणार नाही, असे वाटले होते. वाचनालयात पहिल्या मुलाने उजवा बाण दाबून धरला आणि क्षणात दारात पोचला. त्याला विचारले, खड्ड्याचे काय झाले? “कोणता खड्डा?” दुसऱ्या, तिसऱ्या मुलाचेही तेच.

सरळ बोळात चूक करायला जागाच नसते, त्यामुळे नियम डोळ्यांसमोर घडूनही दिसत नाही. खेळाडूने आधी खड्ड्याला धडकले पाहिजे, मग पेटीकडे वळले पाहिजे. म्हणून खेळाडूला पेटीच्या पलीकडे, थेट खड्ड्याच्या काठावर ठेवले:

```
#########
#.*..POE#
#.....###
#########
```

आता उजवा बाण दाबला की काही होत नाही. खड्ड्यावर पाय पडत नाही हे पहिल्याच चालीत कळते. मग पेटी दिसते. खाली उतरून, डावीकडे वळसा घालून पेटीच्या मागे जायचे आणि ती चार घरे ढकलायची. एकूण १२ चाली, त्यांतल्या ढकलायच्या चारच.

काही जण घाईत डावीकडे जाऊन पेटी उजवीकडून ढकलतात. ती कोपऱ्यात बसते आणि संपले, कारण तिच्या मागे भिंत आहे. ही चूक काढून टाकावी का यावर वाद झाला. ठेवली. तीन बाणांत होणारी आणि `R` दाबून पातळी पुन्हा सुरू केली की लगेच निस्तरणारी चूक पहिल्या पातळीत असावीच, ओढता येत नाही हे त्यातूनच कळते. हीच चूक तीस चालींनंतर उघडी पडली असती तर ती वाईट पातळी झाली असती.

१० मे

दुसरी पातळी. बुजलेला खड्डा म्हणजे जमीन, आणि जमिनीवरून पेटीसुद्धा जाते, एवढेच दाखवायचे.

```
#########
#....####
#P*..OOE#
#..*.####
#....####
#########
```

पहिली पेटी सरळ ढकलून पहिल्या खड्ड्यात. दुसरी पेटी खालून वर ढकलून मधल्या ओळीत आणायची, मग तिच्या डावीकडे जाऊन बुजलेल्या खड्ड्यावरून दुसऱ्या खड्ड्यात. १४ चाली, त्यांतल्या ७ ढकलायच्या. दुरुस्ती काहीच लागली नाही. दुसरी पेटी एक घर जास्त वर ढकलली तर ती वरच्या भिंतीला चिकटते आणि खाली आणता येत नाही, हे मुलांना एकदा चुकल्यावर लक्षात येते.

या पातळीने एक सवय लागते आणि तीच हवी होती: खड्डा दिसला, शेजारी पेटी दिसली, की ढकला.

१३ मे

तिसऱ्या पातळीचा विचार. सवय मोडायची, पण नियमाला धक्का न लावता. पहिले दोन प्रयत्न टाकून दिले. एकात उगाच जास्तीचा खड्डा होता, पण दार दुसऱ्याच ओळीत असल्यामुळे कुणी त्याच्याकडे पाहिलेही नसते. दुसऱ्यात तो खड्डा पेटी आणि दार यांच्या मध्ये ठेवला आणि पेटी त्याला वळसा घालून न्यावी असे ठरवले. मांडल्यावर कळले की वळसा घालून आणलेली पेटी शेवटी ढकलायला खेळाडूला नेमके त्या खड्ड्यावरच उभे राहावे लागते.

टाकून दिलेल्या या नकाशातच हवी ती गोष्ट सापडली. आतापर्यंत खड्डा म्हणजे वाटेतला अडथळा होता. पण तो पाय ठेवायची जागाही अडवतो. पेटी उजवीकडे ढकलायची तर तिच्या डावीकडे उभे राहावे लागते. तिथे खड्डा असेल तर तो बुजवायचा, पलीकडे जाण्यासाठी नाही, उभे राहण्यासाठी. खड्ड्यावर पाय पडत नाही हे खेळाडूला पहिल्या पातळीपासून माहीत आहे, म्हणजे कुणाची फसवणूकही नाही.

१५ मे

तिसरी पातळी, पहिली आवृत्ती:

```
#########
#.O*.POE#
#.*#.####
#....####
#########
```

मनात असलेली सोडवणूक अशी: वरच्या पेटीला हात लावायचा नाही. खालून फिरून दुसरी पेटी वर ढकलायची, डावा खड्डा बुजवायचा, त्यावर उभे राहून वरची पेटी उजवीकडे न्यायची. सवय मात्र सांगते, वरची पेटी खड्ड्याला लागूनच आहे, ढकल डावीकडे. तसे केले की पातळी बुडायला हवी.

बुडाली नाही. सातवीतल्या एका मुलीने पहिल्याच झटक्यात वरची पेटी डाव्या खड्ड्यात टाकली. आता अडकणार म्हणून आम्ही पाहत होतो. तिने खालची पेटी वर ढकलली, अगदी डावीकडच्या उभ्या पट्टीतून वर गेली आणि तीच पेटी सरळ दाराजवळच्या खड्ड्यात नेली. १६ चालींत बाहेर. सवय मोडणारी खोच कुठे आहे हे तिला कळलेच नाही, कळायची गरजही पडली नाही.

अशी चोरवाट खेळणाऱ्याची चूक नसते. मी स्वतः तपासताना फक्त माझ्या मनातली वाट चालून पाहत होतो, म्हणून ती दिसली नाही. आता उलट तपासणी करायची ठरवली: सवयीची चूक आधी करायची आणि तरीही दारात पोचायचा कसून प्रयत्न करायचा. पोचलो तर पातळी गळकी.

१६ मे

डावीकडची पट्टी, म्हणजे फक्त तीन घरे, भिंत करून टाकली:

```
#########
##O*.POE#
##*#.####
##...####
#########
```

आता सवयीने वरची पेटी डावीकडे ढकलली तर खालची पेटी वर आणता येते, पण तिच्या डावीकडे भिंत असल्यामुळे ती उजवीकडे वळवता येत नाही. दाराजवळचा खड्डा उघडाच राहतो. खरी वाट १२ चालींची: डावीकडे १, खाली २, डावीकडे २, वर २, उजवीकडे ५. ढकलायच्या चालीच फक्त चार, एक खालच्या पेटीची आणि तीन वरच्या पेटीच्या.

दुसऱ्या पातळीपेक्षा हा नकाशा लहान आहे, चालीही दोन कमी आहेत, पण मुले इथे जास्त वेळ अडकली. नकाशा मोठा करून अवघडपणा आणायचा मोह होतो, तो टाळावा. जास्तीची मोकळी जमीन असली की खेळणारा विचार करण्याऐवजी फिरत राहतो.

१८ मे

आज फक्त अडकलेल्यांकडे पाहायचे, बोलायचे नाही. एकाने `R` दाबून तीच चूक पुन:पुन्हा केली. शेवटी म्हणाला, “हे होऊनच नाही राहिलं, काऊन की पेटी कमी हाय.” हे वाक्य वहीत लिहून घेतले, कारण त्यात अर्धे उत्तर आहे. पेट्या दोन, खड्डे दोन. एकही पेटी वाया घालवता येत नाही, हे त्याला कळले होते. फक्त कोणती पेटी कोणत्या खड्ड्याची हे त्याने पहिल्या चालीतच ठरवून टाकले होते आणि त्या निर्णयाकडे पुन्हा पाहिले नाही.

पुन्हा सुरुवात करणे आणि पुन्हा विचार करणे यांत इथेच फरक पडतो. `R` ने नकाशा पुसला जातो, डोक्यातला बेत नाही. त्यापेक्षा `Z` दाबत एकेक चाल मागे जावे आणि प्रत्येक ढकलीपाशी थांबावे. नुसते चालणे कधीच नुकसान करत नाही, नुकसान ढकलण्यातच होते. तिसऱ्या पातळीत चूक पहिल्याच ढकलीत आहे, त्यामुळे मागे जाणारा फार लवकर तिथे पोचतो.

१९ मे

भिंतीवर लावायला अडकलेल्यांसाठी एक कागद तयार केला. पहिल्या मसुद्यात थेट उत्तर आले होते, ते फाडले. आता त्यात दोन रीती आहेत.

पहिली, ढकली मोजायची. पातळी सुरू होते तेव्हा खेळाडू कुठे कुठे पोचू शकतो ते पाहून, तिथून कोणती पेटी कोणत्या बाजूला ढकलता येईल ते बोटावर मोजा. तिसऱ्या पातळीत बाण चार असले तरी सुरुवातीला ढकली दोनच आहेत: वरची पेटी डावीकडे किंवा खालची पेटी वर. एकीने बुडतो हे कळले की दुसरी करून पाहायची, तिथे हुशारी लागत नाही.

दुसरी, दारापासून मागे यायचे. दारात जायचे तर दाराजवळचा खड्डा बुजलेला हवा. त्यात पेटी फक्त डावीकडून येऊ शकते, म्हणजे त्याच ओळीतून. त्या ओळीत पेटी कोणती? वरची. ती उजवीकडे ढकलायला कुठे उभे राहावे लागेल? तिच्या डावीकडे. तिथे काय आहे? खड्डा. म्हणजे तो आधी बुजला पाहिजे, आणि वरच्या पेटीने नाही, कारण ती तर न्यायची आहे. उरली खालची पेटी. पाच प्रश्नांत पातळी सुटते आणि एकही बाण दाबावा लागत नाही.

दुसरी रीत कामाची असली तरी मुलांना चौथ्या प्रश्नाशी ढकलावे लागले. “कुठे जायचे” हे सगळे विचारतात, “कुठे उभे राहायचे” हे कुणीच आपणहून विचारत नाही. म्हणून कागदावर तेवढीच ओळ मोठ्या अक्षरात लिहिली: ढकलायला पाय कुठे ठेवणार?

सांगण्यासाठी इशाऱ्यांचा क्रमही ठरला. आधी विचारायचे, पेट्या किती आणि खड्डे किती. मग पाय कुठे ठेवणार. त्यानंतरही अडला तर खालच्या पेटीकडे बोट दाखवायचे. दोन इशाऱ्यांच्या मध्ये निदान दोन मिनिटे गप्प बसायचे, आणि हे शेवटचेच सगळ्यांत कठीण जाते, कारण शेजारी बसलेल्या माणसाला उत्तर माहीत असते.

२१ मे

एक कमजोरी मान्य करायला हवी. तिसऱ्या पातळीत ढकली इतक्या कमी आहेत की कुणी डोळे मिटून बाण दाबत सुटला तरी कधीतरी बाहेर पडतो. पातळी सुटली म्हणजे कल्पना कळली असे धरता येत नाही. काल एकाने सोडवून झाल्यावर विचारले, “पण डावा खड्डा कशाला बुजवला?” हातांनी सोडवले होते, डोक्याने नाही.

नकाशा आडवा-उभा फिरवून चौथी पातळी केली तर ते फक्त पाठांतर होईल. चौथीत पाय ठेवायची जागा दोन पेट्यांमध्ये वाटून घ्यावी लागेल असे काहीतरी हवे: एक खड्डा, दोन्ही पेट्यांच्या कामाचा, आणि तो बुजवायला तिसरी पेटी. पुठ्ठ्यावर मांडून पाहिले. एक आवृत्ती चोरवाटेने सुटते, दुसरी कशीच सुटत नाही. पुठ्ठा, झाकणे आणि तीन पातळ्यांची फाइल वाचनालयाच्या कपाटात ठेवली आहे.

आतापर्यंतचा खर्च: पुठ्ठा ४० रुपये, छपाई आणि कागद ३० रुपये. वेळ: तीन पातळ्यांना अठरा दिवस, त्यांतल्या दोन संध्याकाळी एका `late` पायी.

२४ मे

चौथीत तिसरी पेटी खालून न आणता उजवीकडून आणली. सवयीची चूक आधी करून पाहिली, दारापर्यंत पोचता आले नाही. खरी वाट अजून दोनदा चालून पाहायची आहे. उद्या संध्याकाळी सहाला मुलांसमोर.